पेन्सिल न लागलेला चेहरा

पडदा वर जातो, आणि आधी तळं दिसतं. निळ्याशार पाण्यात दोन राजहंस, काठाला संगमरवरी पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला महाल. महालाच्या उजव्या खिडकीखाली बारकाईनं पाहिलं तर उंदरानं कुरतडलेलं भोक आहे, पण तिकडे कोणी पाहत नाही. तळ्यासमोर एक नक्षीचं तिवई-टेबल, त्यावर कागदी गुलाबांची फुलदाणी. डोक्यावर कौलांच्या जागी उत्तरेकडून बसवलेली काच. काचेखाली पांढरे झिरझिरीत पडदे आणि त्यांच्या लोंबणाऱ्या दोऱ्या. एक दोरी ओढली की ऊन उतरतं, दुसरी ओढली की सावली येते. आणि या सगळ्याच्या मधोमध, काळ्या कापडात डोकं खुपसून, पाठ वाकवून उभा असलेला एक उंच, सडपातळ माणूस. तो हरिदास.

वर्ध्याच्या बाजारातल्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. साल अठ्ठावन्न, महिना जानेवारीचा. हरिदास तेव्हा पंचावन्नचा. गावात त्याला सगळे ‘फोटोवाले हरिभाऊ’ म्हणत, पण त्याच्या हाताला पहिली ओळख होती ती दोरीची. एका फिरत्या नाटक कंपनीत तो पडदे रंगवायचा आणि प्रयोगाच्या वेळी ओढायचाही. एकतीस साली कंपनी वर्ध्याला आली, पंधरा दिवस मुक्काम पडला, आणि त्याच पंधरवड्यात ती फुटली. राजा रेल्वेनं मुंबईला गेला, नायिका करणारा मुलगा आपल्या गावी शेतीला लागला. तळ्याचा पडदा बैलगाडीत मावेना म्हणून मागं राहिला, आणि पडद्याबरोबर हरिदासही राहिला.

एका म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या हाताखाली तो काम शिकला. म्हातारा गेल्यावर कॅमेरा त्याच्याकडे आला. रंगवणाऱ्याचा हात होताच. त्या हातात आता बारीक टोकाची पेन्सिल आली, आणि तिनंच त्याचं नाव झालं.

ही पेन्सिल काय करायची, ते सांगायला हवं. काचेच्या निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे. चेहऱ्यावर देवीचा वण असला, तर त्या खड्ड्यातली सावली निगेटिव्हवर कोऱ्या, पारदर्शक ठिपक्यासारखी राहते. कागदावर छापलं की तिथं काळा डाग येतो. हरिदास निगेटिव्ह तिरप्या मेजावर ठेवायचा, खालच्या आरशानं उजेड वर फेकायचा, आणि डोळ्याला भिंग लावून एकेक ठिपका पेन्सिलीनं हलके हलके भरायचा. भरलेल्या जागी छापताना उजेड अडतो, डाग पडत नाही. वण गेला. डोळ्याखालचं काळं वर्तुळ गेलं. कपाळावरची आठी गेली. लग्नाच्या मुलीचे फोटो काढायला समुद्रपूर, हिंगणघाटाहून माणसं यायची ती याच्यासाठी. “हरिभाऊच्या हातून गेली की पोरगी पसंत,” असं बायका म्हणायच्या. हरिदासला त्यात लबाडी वाटत नसे. कंपनीत रंगपट होताच की. चेहऱ्याला रंग लावल्याशिवाय माणूस उजेडात कसा उभा राहणार? लोक जन्मात एकदा फोटो काढतात, तो दिवस तरी त्यांचा असावा, एवढं साधं त्याचं म्हणणं होतं.

अशा माणसाकडे सिस्टर पंचफुला आली.

पंचफुला सव्वीस वर्षांची. वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स. मूळ समुद्रपूरकडची, बाप शेतमजूर. छप्पन सालच्या दसऱ्याला घरच्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून तिच्या खोलीत एकच तसबीर होती, बुद्धाची, आणि तिच्याशेजारी नर्सिंगचं प्रमाणपत्र. सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे वण राहिले होते, आणि डाव्या भुवईत खाज सुटून फुटलेल्या फोडाची एक खोल, काळसर रेघ होती. तिच्या चेहऱ्याकडे नवीन माणूस आधी पाहायचा आणि मग पाहायचं नाही असं ठरवायचा. ते ठरवणं तिला दिसायचं.

आता तिला विलायतेत बाळंतपणाच्या कामाचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली होती. तिथल्या इस्पितळाचं पत्र आलं होतं. पण पत्रातच लिहिलं होतं की मार्चमध्ये हजर व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. बोटीचा प्रवास तीन आठवड्यांचा. पासपोर्ट हातात यायलाही दिवस लागणार. नागपूरच्या कचेरीत चौकशी केली तेव्हा सांगितलं होतं, या शनिवारपर्यंत अर्ज पूर्ण करून द्या, तरच वेळेत होईल. आणि अर्ज म्हणजे नुसता अर्ज नव्हे, सोबत दोन फोटो, आणि फोटोच्या मागे मॅजिस्ट्रेटची सही.

“काकाजी, फोटो पाह्यजे. पासपोर्टचा,” ती म्हणाली.

हरिदासनं वर्ध्यात बसून पासपोर्टचे फोटो किती काढले असतील? दोन, फार तर तीन, तेही कापसाच्या दलालांचे. पण ही गोष्ट त्यानं मनावर घेतली. पोरगी समुद्रापार जाणार! त्यानं तिला तळ्यासमोर उभं केलं, फुलदाणीवर हात ठेवायला लावला, पदर डोक्यावरून घेऊन कपाळावर हलकी महिरप काढायला लावली. मान थोडी डावीकडे, नजर दूर खिडकीकडे. एका बाजूची दोरी ओढून अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत ठेवला. “आता थोडं हस. जहाजावर उभी आहेस, आणि किनारा दिसतोय.”

ती हसली. फोटो झाला. हरिदासनं एक पूर्ण दुपार पेन्सिल चालवली, आणि सोमवारी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फोटो तिच्या हातात दिले. खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव.

पंचफुलानं फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, “मी अशी हाव?”

“अशीच आहेस.”

तिनं फोटो रुमालात गुंडाळून घरी नेले. मंगळवारी तिची ड्यूटी होती म्हणून हरिदासच ते घेऊन कचेरीकडे निघाला, नानाजीला दाखवायला.

नानाजी म्हणजे अर्जनवीस. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं कारकून होता, आता निवृत्त होऊन त्याच कचेरीच्या आवारात लिंबाखाली मेज टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मेजावर टाइपरायटर, शेजारी पितळी डबी. इंग्रजी फॉर्मची त्याला इतकी सवय झालेली की बोलतानाही तो कलमं पाडायचा. हरिदासचा तो वीस वर्षांचा दोस्त, म्हणून तोंडानं फटकळ.

त्यानं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि हसत सुटला.

“काऊन हसतं बे?”

“हरिभाऊ, हे बाई नाटकात जाऊन राह्यली का विलायतेत?”

“चांगला नाही का फोटो?”

“फोटो लाख मोलाचा हाय. पण पासपोर्टवर हे चालत नाई, बापा.” नानाजीनं चष्मा पुसला. “बस. सांगतो. पयलं म्हंजे हा पुठ्ठा. फोटो अर्जाले चिकटवायचा असते, पातळ कागदावर पाह्यजे. पुठ्ठा चिकटवू का मी, वीट चिकटवल्यावानी? दुसरं, हे उभी हाय गुडघ्यापर्यंत. चेहरा केवढा? वाटाण्याएवढा. खांद्यापासून वर पाह्यजे, चेहऱ्यानं कागद भरला पाह्यजे. तिसरं, मान. ती कुठं पाहून राह्यली?”

“किनाऱ्याकडे.”

“साहेब तर इकडं बसला हाय! त्याच्याकडं पाह्यजो म्हण तिले. समोर, सरळ. दोन्ही डोळे, दोन्ही गाल सारखे दिसले पाह्यजे. मान इकडं नाई, तिकडं नाई. अन् हे काय, अर्धं तोंड अंधारात?”

“त्याला छाया म्हणतात.”

“त्याले अडचण म्हणतात. उजेड सारखा पाह्यजे. नाकाची सावली गालावर नको, डोळ्यात काळोख नको. पदर डोक्यावर घ्यायचा रिवाज असन तर चालते, पण कपाळ झाकलं न् त्याची सावली पडली तर नाई चालत.” मग नानाजीचं बोट राजहंसाशी येऊन थांबलं. “अन् हा कोण? हाही जाऊन राह्यला का सोबत?”

हरिदासला हसू आलं, पण ते आतल्या आत राहिलं.

“मागं साधं पाह्यजे, फिकट. पडदा नाई, खिडकी नाई, पक्षी नाई. अन् ओठ मिटलेले, डोळे उघडे. हसू नको.”

“हसल्यानं काय होतं रे?”

“गाल वर जाते, डोळे बारीक होते. बंदरावर जो माणूस फोटो अन् तोंड मिळवून पाह्यते, त्याच्यापुढं ती हसत उभी राह्यन का? बोटीनं तीन हप्ते उलट्या करत गेलेली असन बिचारी. तिचं नेहमीचं तोंड पाह्यजे.”

हरिदास परत निघाला तेव्हा त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि कोणी केला ते सापडत नव्हतं. सत्तावीस वर्षांत जे जे शिकला, ते एकेक करून नानाजीनं बोटानं खोडलं होतं. पण चालता चालता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. खरं तर हा नाटकाचाच नियम होता. पात्र कोण आहे, ते मागच्या ओळीतल्या माणसाला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. बाकी सगळी सजावट. मागची ओळ म्हणजे तो बंदरावरचा माणूस. त्याच्यासाठी फोटो काढायचा.

बुधवारी सकाळी दुसरी तयारी झाली. तळं गुंडाळून वर गेलं. हरिदासची बायको कमलाबाई हिनं पेटीतली पांढरी चादर काढली. भिंतीवर टांगली तर घडीच्या रेघा दिसायला लागल्या.

“हे काय, चौकटी चौकटीची चादर!” हरिदास कुरकुरला.

“पेटीत घडी करूनच ठेवतात लोक,” कमलाबाई म्हणाली. “तुमच्यासारखं गुंडाळून नाई ठेवत.” तिनं पाण्याचा हबका मारला, खालून दोन पाटे बांधले, आणि घटकाभरात चादर ताणून सपाट झाली.

मग खुर्ची. भिंतीला टेकून ठेवली तर डोक्याची सावली चादरीवर पडते. हरिदासनं ती तीन हात पुढं ओढली, सावली खाली जमिनीवर उतरली. वरचे दोन्ही पडदे सारखे सोडले, उजेड गाळून समोरून येऊ दिला. ज्या बाजूला जरा अंधार वाटला तिथं कमलाबाईला दुसरी चादर हातात धरून उभं केलं, म्हणजे उजेड परतून गालावर येईल. कॅमेरा तिवईवर खाली घेतला, थेट डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतला तर कपाळ मोठं, खालून घेतला तर हनुवटी.

पंचफुला दवाखान्यातून तशीच आली होती, डोक्यावर नर्सची कडक टोपी.

“टोपी काढ.”

“पदर घेऊ?”

“घरी घेतेस?”

“नाई. कामात कुठं सांभाळता येते.”

“मग नको. तुझं नेहमीचं तोंड पाहिजे म्हणतात.”

ती खुर्चीत बसली, ताठ, हात मांडीवर. आता हसायचं नाही म्हटल्याबरोबर तिचा चेहरा शाळेत छडी खायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखा झाला. ओठ आवळलेले, डोळे विस्फारलेले. काळ्या कापडाखालून हरिदासनं ते पाहिलं. कॅमेऱ्याच्या काचेवर डोकं खाली झालेली उलटी पंचफुला घाबरून बसली होती. हेही तिचं नेहमीचं तोंड नव्हतं.

त्यानं डोकं बाहेर काढलं. “पोरी, नाडी कशी मोजतेस तू?”

“घड्याळ पाह्यत.”

“तेव्हा बोलतेस? हसतेस?”

“मोजणी चुकते ना, काकाजी.”

“मग मोज. हे कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे घड्याळ. कमलाबाईची नाडी तुझ्या हातात आहे समज.”

“माही नाडी काऊन?” चादरीमागून कमलाबाई म्हणाली. “मी ठणठणीत हाव.”

पंचफुलाचे ओठ जरा हलले, मग शांत मिटले. तिची नजर भिंगावर स्थिर झाली, खांदे उतरले. रोग्याच्या मनगटावर बोटं ठेवून बसलेली बाई तिथं आली. हरिदास जाणून होता, पांढऱ्या चादरीचा उजेड भारी असतो. त्याच्या हिशोबानं काचेची प्लेट उघडली तर सावळा चेहरा काळाकुट्ट येतो. त्यानं चादर विसरून चेहऱ्याच्या मानानं वेळ धरली, नेहमीपेक्षा थोडी जास्त, आणि भिंगाची झडप उघडणारा रबरी फुगा दाबला.

प्लेट धुऊन निघाली तेव्हा त्याचं मन भरून आलं. सरळ, स्वच्छ, दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका. समोरच्या उजेडानं वणही पुष्कळ सपाट झाले होते. राहिले होते थोडे. आणि भुवईतली रेघ.

मग त्यानं काय केलं, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दुपारी मेजाशी बसला, पेन्सिल टोकदार केली, आणि हात चालू लागला. सत्तावीस वर्षांचा हात. लोटा विसळताना बोट आपोआप आत फिरतं तसा. नानाजीनं पुठ्ठा, मान, सावली, हंस, हसू, सगळं सांगितलं होतं. पेन्सिलीचं त्यानं काही सांगितलं नव्हतं. पंचफुलाला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी नानाजीनं नवा फोटो पाहिला आणि प्रत्येक कलमाला मान डोलावली. “आकार बरोबर. समोर, बरोबर. मागं साफ. उजेड सारखा. ओठ मिटलेले. हरिभाऊ, असा फोटो मी नागपूरकडचाबी नाई पाह्यला! उद्या बाईले घेऊन ये, अर्ज भरतो. मॅजिस्ट्रेट साहेब उद्या तीनपर्यंत कचेरीत हाय, मग दौऱ्यावर जाते. सोमवारीच येईन.”

गुरुवारी अकरा वाजता तिघं लिंबाखाली जमली. नानाजी खाली मान घालून टाइप करत होता. नाव. बापाचं नाव. जन्मगाव. उंची. डोळ्यांचा रंग. केसांचा रंग.

“दिसणारी खूण,” तो म्हणाला. “तीळ, डाग, काही असन ते सांग. पासपोर्टवर लिहिते ते.”

हरिदासनं मेजावरच्या फोटोकडे पाहिलं.

“देवीचे वण,” पंचफुला म्हणाली. “सगळ्या तोंडावर. डाव्या भुवईत कापल्यावानी.”

नानाजीनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. मग फोटो पाहिला. मग परत तिच्याकडे. यंत्रावरची त्याची बोटं थांबली.

“हरिभाऊ,” तो हळू म्हणाला, “हे कोण हाय?”

“कोण म्हणजे? हीच.”

“अर्जात लिहिलं, तोंडावर वण. फोटोत वण नाई. साहेबानं मागं लिहून द्यायचं हाय, का हा फोटो याच बाईचा हाय. तो कसा लिहीन? अन् समज, त्यानं न पाह्यता लिहिलं. बंदरावर कोणी मिळवून पाह्यलं तं? म्हणन, दुसऱ्याच बाईचा कागद घेऊन आली. तिथून परत पाठवलं तं ही कोणाकडं पाहीन?”

हरिदासचं तोंड उतरलं. “मी... तिचं चांगलं व्हावं म्हणून...”

“तुहं मन कोण नाई म्हणते, बापा. पण तू बाईच पुसून टाकली न्.”

तेवढ्यात कचेरीच्या घड्याळात पावणेबारा झाले. तीन वाजता मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर जाणार. शनिवारी नागपूरला अर्ज द्यायचा. पंचफुलानं दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली होती, आणि ती कोणाकडेच पाहत नव्हती.

“नवा फोटो काढता नाई येत का, काकाजी?”

“काढायची गरज नाही,” हरिदास उठला. “चल.”

वर जाताना जिन्यात तो एकदा थांबला, धाप लागली म्हणून की कशानं, ते त्याचं त्याला माहीत. खोलीत येऊन त्यानं निगेटिव्ह मेजावर ठेवली, टर्पेंटाइनची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला. पेन्सिल निगेटिव्हच्या पोटात जात नाही, वर लावलेल्या पातळ रोगणावर बसते. टर्पेंटाइननं रोगण निघतं, आणि त्याच्यासोबत सगळी कारागिरी. सुरीनं खरवडलं असतं तर प्लेट गेली असती. नशीब, त्यानं या वेळी सुरी लावली नव्हती.

बोळा पहिल्या गालावरून फिरला. काचेवरचे बारीक राखाडी ठिपके विरघळून कापसाला लागले. खालचा आरसा उजेड वर फेकत होता, आणि एकेक करून कोरे ठिपके परत दिसू लागले. पंचफुला बाजूला स्टुलावर बसून पाहत होती. आपलं तोंड असं उलटं, काळ्याचं पांढरं झालेलं, त्यात आपले वण कुठं आणि किती, हे ती पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होती.

“हा कपाळावरचा,” ती म्हणाली, “हा सगळ्यात आधी आलता. आई सांगे.”

हरिदास बोळा फिरवत राहिला.

“काकाजी, राग नका मानजा. मले तो फोटो लई आवडलता. सोमवारचा. रात्री चार खेपा काढून पाह्यला.”

“राग कशाचा? तुला आवडावा म्हणूनच काढला होता.”

“तो तुमच्याकडंच हाय ना?”

“आहे.”

“मले द्या. पासपोर्टले नाई. माह्या पेटीत ठेवाले.”

हरिदासनं होकाराची मान हलवली. भुवईतली रेघ त्यानं सगळ्यात शेवटी पुसायला घेतली. म्हणजे पुसायला नव्हे, परत आणायला. बोळा एकदा फिरवला तर थोडी पेन्सिल राहिली. ती तशीच ठेवली असती तर कोणाच्या लक्षात आलं नसतं, कदाचित. त्यानं नवा कापूस घेतला आणि दुसऱ्यांदा फिरवला.

मग लाल दिव्याची खोली. कागद, उजेड, पाणी. ट्रेमध्ये आधी केस आले, मग डोळे, मग सबंध चेहरा, जसा होता तसा. धुवायला अर्धा तास हवा होता, तेवढा त्यानं दिला. घाई केली तर कागद पिवळा पडतो, आणि बोटीवरच्या खाऱ्या हवेत तर लवकर. टिपकागदात दाबून, शेगडीच्या उबेवर लांब धरून त्यानं दोन्ही फोटो वाळवले. कमलाबाईनं पंचफुलाला बळंच दोन घास खायला लावले. “उपाशी गेली साहेबापुढं तं तोंड आणखी बदलन, मंग पुन्हा फोटो काढा,” ती म्हणाली. पंचफुला त्या दिवसात पहिल्यांदा मोकळं हसली.

अडीच वाजता ते मॅजिस्ट्रेटपुढं उभे होते. साहेब तरुण होता, घाईत होता, दाराशी त्याची जीप उभी होती. त्यानं फोटो उचलला, अर्जातली खुणेची ओळ वाचली, आणि पंचफुलाकडे पाहिलं. कपाळ, गाल, भुवई, परत फोटो. चार-पाच क्षण लागले असतील. हरिदास दाराशी उभा राहून साहेबाचं तोंड वाचत होता, आणि त्याला एक गोष्ट जाणवून चकित व्हायला झालं. एवढी वर्षं तो लोकांना या पाहण्यापासून वाचवत आला होता. पण या पाहण्यात कीव नव्हती, किळस नव्हती. गाडीवरचा नंबर पावतीशी ताडून पाहावा, तसं ते होतं. आणि पंचफुलानं मान खाली घातली नाही. नाडी मोजताना बसते तशी सरळ उभी राहून, तिनं त्याला पाहू दिलं.

साहेबानं फोटो उलटा केला, दोन ओळी लिहिल्या, सही केली. दुसऱ्यावरही. “गुड लक, सिस्टर,” म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं पंचफुला स्वतः नागपूरला गेली आणि अर्ज देऊन आली. खिडकीवरच्या कारकुनानं फोटोकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे एकदा, आणि पावती फाडली. एवढंच झालं. ते तिनं येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि हरिदासनं ते दोनदा ऐकून घेतलं.

त्या महिन्यात हरिदासकडे लग्नाचे फोटो काढायला पुष्कळ गिऱ्हाइकं आली. पेन्सिल त्यानं टाकून दिली नाही. ज्याला हवं त्याला वण पुसून दिले, गाल गुळगुळीत करून दिले. फक्त एक बदल झाला. आधी तो न विचारता बसायचा, आता विचारायचा. “लावू का हात?” लोक हसायचे, असं का विचारतो म्हणून. बहुतेक जण हो म्हणत. एखादी म्हातारी बाई म्हणे, “राहू दे बापा, कोणाले दाखवायचं हाय?” तेव्हा तो पेन्सिल बाजूला ठेवायचा, आणि कमलाबाईच्या मते, त्या फोटोंवर तो जास्त वेळ घालवायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी पंचफुला आली. हातात गडद निळी वही. आता दोन दिवसांत मुंबई, मग बोट. पाया पडली, तर हरिदासनं पाय मागं घेतले. तिनं पासपोर्ट उघडून त्याच्यापुढं धरला. आत तिचा फोटो चिकटवलेला, आणि फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा, पानावर अर्धा असा कचेरीचा गोल शिक्का.

हरिदासनं चष्मा कपाळावर सरकवला, पासपोर्ट खिडकीपाशी उजेडात नेला. बराच वेळ पाहत राहिला. मागची चादर, डोळ्यांतले ठिपके, मिटलेले ओठ, भुवई. कमलाबाई दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार, नाटकातल्यासारखं.

त्यानं पासपोर्ट मिटला, पंचफुलाच्या हातात दिला, आणि म्हणाला, “फोटो बरा आला. शिक्का तेवढा तिरपा मारला त्यांनी.”